दवाने न्हालेला बटाटा

परवा माझ्या मावसभावाचा मुलगा सकाळी सकाळीच घरी आला. म्हापशाच्या बाजूला त्याला भाजीचे दुकान घालायचे आहे. गाळा भाड्याने घेऊन झाला, वजनकाटा आला, फळ्या ठोकून झाल्या. आता उरला होता दुकानावरचा फलक. सहा फूट बाय तीन फुटांचा फ्लेक्स आणि त्याच चित्राची छोटी आवृत्ती मोबाईलवर ऑर्डर घेण्यासाठी. छायाचित्रकाराला द्यायला पैसे नाहीत म्हणून त्याने हल्लीच्या रिवाजाप्रमाणे संगणकाला शब्द सांगून चित्र काढून घेतले होते. ‘काका, जरा पळय आनी सांग’ म्हणत त्याने मोबाईल पुढे केला.

चित्र देखणे होते, नाही म्हणत नाही. सोनेरी ऊन, जुन्या लाकडाचे खोके, त्यांत ठासून भरलेली भाजी आणि प्रत्येक भाजीवर टपोरे पाण्याचे थेंब. मी चष्मा पुसून पाहिले. हिरवी फुलकोबी म्हणजे ब्रोकोली, पाल्यासकट गाजरे, लालचुटूक गोल मुळे, कुरळ्या पानांची केल, पिवळी ढोबळी मिरची. मागे लाल रंगाचे, उतरत्या छपराचे लाकडी कोठार. एका खोक्यात बटाटे, आणि त्या बटाट्यांवरही दव.

तेवढ्यात आमच्याकडे तांबडी भाजी घेऊन येणारी बाई दारात आली. डोक्यावरची पाटली खाली उतरवून तिनेही चित्रात डोकावून पाहिले. ‘ह्यो भाज्यो आमच्यो न्हय रे पुता,’ ती म्हणाली. मग बटाट्यावर बोट ठेवून विचारले, ‘आनी हो बटाटो न्हावन आयला काय कितें?’

आम्ही तिघेही हसलो, पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. बटाटा जमिनीखाली वाढतो. त्याच्यावर दव पडणार कुठून? एवढी साधी गोष्ट त्या चित्राला कळली नाही, आणि ती आपल्या मुलालाही खटकली नाही, याचे मला जास्त वाईट वाटले. म्हणून हा लेखप्रपंच.

त्याने यंत्राला दिलेले शब्द असे होते. अशा शब्दांना प्रॉम्प्ट म्हणतात आणि ते बहुतेक इंग्रजीतच दिले जातात:

```
farm fresh vegetables, dewy, golden morning light,
rustic wooden crates, grocery store banner
```

यात एकाही भाजीचे नाव नाही. नाव न दिल्यास यंत्र आपल्या मनाने भाजी निवडते, आणि त्याचे मन घडले आहे ते इंटरनेटवरच्या कोट्यवधी चित्रांवर आणि त्यांच्याखालच्या मजकुरावर. तो मजकूर मुख्यतः इंग्रजी. ‘फार्म फ्रेश’ आणि ‘रस्टिक क्रेट’ हे शब्द ज्या चित्रांखाली सर्वात जास्त वेळा आले, ती चित्रे युरोप-अमेरिकेतली. तिथे सफरचंदे आणि भाजी लाकडी खोक्यांत भरण्याची जुनी रीत आहे, शेतावर लाकडी कोठार असते. यंत्राने खोटेपणा केला नाही. त्याला विचारले ते त्याने सांगितले. ‘शेतातली ताजी भाजी’ म्हटल्यावर जगाच्या सरासरीला जे आठवते, ते. त्या सरासरीत आपला सत्तरीचा मळा नाही आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजारही नाही.

आता दवाचे पाहू, कारण खरी गोम तिथे आहे.

दव पडते ते निरभ्र, वारा नसलेल्या रात्री. पान आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडते आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. हवेतली वाफ मग त्या थंड पानावर पाणी होऊन बसते. म्हणजे दव धरायला पानाला आकाश दिसले पाहिजे. वरची पाने भिजतात, त्यांच्या सावलीतली खालची पाने पुष्कळशी कोरडी राहतात. वांगे पानांखाली लोंबते, म्हणून पहाटे मळ्यात गेलात तर वांग्याची पाने ओली आणि वांगे जवळजवळ कोरडे असे दिसेल. बटाटा, रताळे, गाजर यांचा तर प्रश्नच नाही. शिवाय भाजी खुडली, पाटलीत भरली, डोक्यावरून आणली की उरलेसुरले दवही झडून जाते. बाजारात आपण पालेभाजीवर पाणी पाहतो ते दव नव्हे. विकणारी बाई पाला कोमेजू नये म्हणून ओंजळीने शिंपडते, ते पाणी.

आणि थेंबाचा आकार? खरे दव बारीक असते, पानावर धुरकट थर बसल्यासारखे. त्याचे मोठे थेंब होतात ते अळूसारख्या, ज्यावर पाणी ठरत नाही अशा पानावर. तांबड्या भाजीच्या पानावर पाणी पसरते, मोत्यासारखे उभे राहत नाही. मग चित्रातले ते टपोरे, गोल, उभ्या मिरचीवरूनही न ओघळणारे थेंब आले कुठून? जाहिरातीसाठी खाद्यपदार्थांची छायाचित्रे काढणारे लोक पाण्यात ग्लिसरीन मिसळून ते फवारतात. ग्लिसरीनमुळे थेंब दाट होतो, वाळत नाही, दिव्यांच्या उष्णतेतही तासन्‌तास जागचा हलत नाही. अशा चित्रांखाली ‘ताजे, दवभरले’ असे लिहिलेले असते. यंत्र ‘ड्युई’ हा शब्द शिकले ते अशा चित्रांवरून. म्हणजे माझ्या पुतण्याच्या फलकावर आले होते ते पहाटेचे दव नव्हते, कुठल्या तरी स्टुडिओतल्या ग्लिसरीनची आठवण होती. नकलेची नक्कल.

हे ऐकून पुतण्या म्हणाला, ‘काका, गिऱ्हाईक थेंब मोजत बसत नाही. ताजे वाटले म्हणजे झाले.’ त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. फलक म्हणजे वनस्पतिशास्त्राचे पुस्तक नव्हे. पण मी त्याला म्हटले, ‘गिऱ्हाईक थेंब मोजत नाही, पण दुकानात पाय ठेवल्याबरोबर चित्र आणि फळी यांची तुलना करते. ती आपोआप होते. बाहेर ब्रोकोली आणि आत दुधी असला तर त्याला दुधी शिळा वाटतो.’ यावर तो गप्प झाला. मग आम्ही दोघे चित्र नव्याने काढायला बसलो. सकाळचे दोन तास गेले, पण त्यातून जे कळले ते सांगण्याजोगे आहे.

पहिली अडचण नावांची. ‘तांबडी भाजी’ म्हटले तर यंत्राला बोध होत नाही. तिचे इंग्रजी नाव ‘अमरँथ’ दिले तर त्याने लोंबत्या जांभळ्या तुऱ्यांची शोभेची झाडे काढली, कारण त्या नावाखाली बागेतल्या फुलांचीच चित्रे जास्त. शेवटी नाव सोडून वर्णन केले: गर्द तांबड्या पानांच्या, मुळांसकट उपटलेल्या जुड्या. लगेच जमले. भेंडीचेही तेच. नुसते ‘ओक्रा’ म्हटले की बोटभर गडद हिरवी भेंडी येते. आपली सात शिरांची भेंडी लांब आणि फिकट, तसे सांगावे लागते. वांग्याला ‘एगप्लांट’ म्हटले की लांबट काळे विलायती वांगे येते. आगशीच्या वांग्याच्या जवळ जायचे तर मोठे, गोलसर, जांभळे, चकचकीत असे चार शब्द खर्चावे लागतात. धडा एवढाच की ज्या वस्तूचे नाव यंत्राला ठाऊक नाही, तिचे रूप सांगावे. मात्र रूप सांगायला ती वस्तू आपण नीट पाहिलेली असावी लागते. भेंडीला शिरा किती, हे पुतण्याला मोजून पाहावे लागले.

दुसरी अडचण उजेडाची. ‘गोल्डन’ हा शब्द त्याने दिला होता आणि त्याने घात केला होता. सोनेरी उजेडात हिरवा रंग पिवळा पडतो, तांबडा तपकिरी होतो. म्हणजे ज्या उजेडाने ताजेपणा दाखवायचा, त्यानेच पाला सुकलेला दिसतो. शिवाय तो उजेड सकाळचा की सांजेचा, हे कुणी सांगू शकत नाही. आम्ही ‘सोनेरी’ काढून टाकले आणि उजेडाची दिशा सांगितली: सकाळचा मऊ उजेड, डावीकडून, थोडे धुके. दिशा सांगितल्याचा फायदा असा की तपासता येते. उजेड डावीकडून तर सावल्या उजवीकडे पडल्या पाहिजेत आणि थेंबावरची चमकही डाव्या अंगाला हवी. आमच्या एका चित्रात एका पाटलीची सावली उजवीकडे आणि शेजारच्या पाटलीची डावीकडे होती. दोन सूर्य उगवले होते. असे चित्र पाहणाऱ्याला चूक सापडत नाही, पण काहीतरी खोटे आहे असे मात्र वाटत राहते.

तिसरी गोष्ट खोक्यांची. आपल्याकडे मळ्यातली भाजी बांबूच्या पाटलीतून येते, आणि घाटावरची येते ती प्लास्टिकच्या क्रेटमधून आणि गोणपाटातून. लाकडी खोके नको म्हणून पुतण्याने वाक्यातच ‘नो वुडन क्रेट्स’ असे लिहिले, आणि काय आश्चर्य, खोकी जास्तच आली. चित्र काढणाऱ्या पुष्कळ यंत्रांना वाक्यातला नकार नीट कळत नाही. खोक्याचा उल्लेख दिसला की ती खोके काढतात. नको असलेल्या वस्तू लिहायला काही यंत्रांत वेगळी चौकट असते, तिथे त्या नुसत्या नावाने लिहायच्या, ‘नको’ न म्हणता. शेवटी आमचे शब्द असे झाले:

```
shallow round bamboo baskets on a red laterite step,
bunches of dark red leafy greens with roots,
long pale green okra, large round glossy purple brinjals,
fine water drops only on the leafy bunches,
soft early morning light from the left, thin mist,
left third empty and out of focus
```

आणि नको असलेल्यांच्या चौकटीत:

```
kale, broccoli, carrots, wooden crates, barn, text
```

शेवटचा शब्द ‘टेक्स्ट’ का, ते सांगतो. फलकावरची अक्षरे यंत्राकडून काढून घेऊ नयेत, देवनागरी तर मुळीच नाही. आधीच्या एका चित्रात ‘ताजी भाजी’ऐवजी शिरोरेखेला लटकलेली अशी काही अक्षरे आली होती की ती कुठल्याच लिपीत वाचता येईनात. अलीकडची काही यंत्रे बरी लिहितात, तरी एखादी वेलांटी उलटी पडली की सहा फुटांवर ती सहा फुटांची चूक होते. म्हणून डावा तिसरा हिस्सा मोकळा ठेवायचा आणि नाव नंतर नेहमीच्या फाँटात वरून बसवायचे.

राहिला आकार. चित्र आले ते 1408 बाय 704 ठिपक्यांचे, म्हणजे फलकाच्याच दोनास एक प्रमाणातले. मोबाईलवर ते झकास दिसते. पण सहा फूट म्हणजे 72 इंच. 1408 ठिपके 72 इंचांवर ताणले तर इंचाला वीसही पडत नाहीत. फ्लेक्स छापणारे साधारण 72 मागतात. म्हणून चित्र चौपट मोठे करावे लागते, आणि ते काम करणारे यंत्र नसलेला तपशील स्वतःच्या पदरचा घालते. आमच्या बारीक थेंबांची त्याने साबुदाण्यासारखी गोळी केली होती. वाढवताना नवा तपशील घालण्याचे प्रमाण कमी केले तेव्हा थेंब ठिकाणावर आले. छापायला देण्याआधी चित्र पूर्ण मोठे करून पानांच्या कडा बघाव्यात. गडबड असली तर तिथे पहिल्यांदा दिसते.

चित्र तयार झाले. पाटलीवाल्या बाईला दुसऱ्या दिवशी दाखवले तर तिने मान डोलावली. मला वाटले, संपले. पण मग पुतण्याने त्यावर बसवलेला मजकूर वाचला: ‘आमच्या शेतातून थेट तुमच्या घरी.’

मी विचारले, ‘तुझे शेत कुठे आहे?’

शेत नाही. माल कुठून येणार? तांबडी भाजी, मुळा, थोडी भेंडी आणि वांगी आसपासच्या चार-पाच जणांकडून. बाकी टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, बटाटे, कांदे, मिरची हे सगळे बेळगावहून, चोर्ला घाट उतरून येणाऱ्या गाडीतून. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गोव्याच्या चुली कित्येक वर्षे बेळगावच्या भाजीवर चालतात. घाटात गाडी अडकली की आपल्या बाजारात काय होते, ते प्रत्येक गोंयकाराला माहीत आहे. ती भाजीही कुणीतरी घाम गाळूनच पिकवलेली असते, आणि ती ताजीही असते. जाहिरात आणि दाव्यांसंबंधीच्या अन्न सुरक्षेच्या 2018 च्या नियमांत ‘ताजे’ या शब्दाला अर्थ ठरवून दिला आहे. धुणे, सोलणे, कापणे, थंड करणे अशा मोजक्या गोष्टींपलीकडे प्रक्रिया न झालेला माल ताजा म्हणता येतो. तेव्हा ‘ताजी भाजी’ खुशाल लिहावे. ‘आमच्या शेतातून थेट’ मात्र लिहू नये, कारण ते खरे नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात वस्तूचे खोटे वर्णन येते.

माझे मत विचाराल तर इथेच रेघ ओढावी. यंत्राकडून काढलेले चित्र फलकावर लावायला माझी हरकत नाही. नाहीतरी दुकानांवर देवाचे, निसर्गाचे, कमळाचे चित्र रंगवून घेण्याची आपली जुनी पद्धत आहे आणि ते चित्र कुणी पुरावा म्हणून पाहत नाही. ते वातावरण असते. पण ‘हे आमचे शेत, हा आमचा शेतकरी, ही आजची भाजी’ असे म्हणायचे असेल, तर ती साक्ष आहे, आणि साक्ष यंत्राने द्यायची नसते. तिथे छायाचित्रच हवे, अगदी मोबाईलवरचे, थोडे हललेले असले तरी चालेल. न जन्मलेल्या शेतकऱ्याचा हसरा चेहरा काढून त्याच्या हातात न पिकलेली भाजी देणे म्हणजे जो खरोखर पहाटे पाच वाजता मळ्यात वाकतो, त्याला फलकावरून पुसून टाकणे.

कुणी म्हणेल, एवढे मनाला लावून घेण्याचे कारण काय? कारण असे की मुले भाजी ओळखतात ती आता चित्रांवरून. दुकानादुकानावर तीच ब्रोकोली आणि तीच लाकडी खोकी लागली, तर दहा वर्षांनी ‘शेतातली भाजी’ म्हटल्यावर आपल्या नातवंडांना ब्रोकोलीच आठवेल आणि तांबडी भाजी गावठी, जुनाट वाटेल. जी गोष्ट चित्रात दिसेनाशी होते, ती हळूहळू मागणीतूनही जाते. मागणी गेली की पाटलीवाली बाई कुणासाठी पेरणार?

पुतण्याने दोन दिवस विचार केला. ‘आमच्या शेतातून थेट’ त्याने काढले, जरा नाराजीनेच. फलकावर आता चित्र आहे ते आम्ही बसून काढलेले, आणि खाली फक्त ‘ताजी भाजी’. दुकानाच्या आत मात्र त्याने एक काळी पाटी टांगली आहे. तिच्यावर रोज सकाळी खडूने तो लिहितो: तांबडी भाजी आज अमुक गावची, टोमॅटो बेळगावचा. ही युक्ती त्याची स्वतःची, माझी नव्हे.

पाटलीवाल्या बाईचा एक फोटोही त्याने काढला, सकाळी सातला, आमच्याच पायरीवर. तिची परवानगी विचारली तेव्हा ती आधी लाजली, मग पदर सारखा करून बसली. फोटोत उजेड उजवीकडून आहे, एक पाटली अर्धी कापली गेली आहे, आणि पाल्यावर जे थोडे पाणी दिसते ते तिने फोटो काढायच्या आधी स्वतःच्या हाताने शिंपडलेले. तो फोटो गल्ल्याच्या मागे लावला आहे. बटाट्याची गोणी त्याच्याच खाली असते, कोरडी ठणठणीत.